ओळखीवाचून नोकरी: हिमायतनगरच्या पदवीधरांचा मागोवा

ज्या घरात पदवीची सनद प्रथमच येते, त्या घरात ती कोणापुढे मांडावी हे सांगणारे कोणी नसते. म्हणून जुन्या वाढोण्याच्या, आजच्या हिमायतनगरच्या, पदवीधरांनी दीर्घकाळ आपली सारी भिस्त सेवायोजन कार्यालयाच्या कार्डावर ठेवली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना व पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या खाजगी मालकांना रिक्त जागा कळविणे बंधनकारक केले. परंतु त्याच कार्यालयाच्या यादीतून माणूस घेण्याची सक्ती त्यात नव्हती, आणि आडत दुकान किंवा करसल्लागाराची कचेरी तर बहुधा त्याच्या कक्षेतच येत नव्हती. कार्डाचे नूतनीकरण होत राहिले. बोलावणे क्वचितच आले.

२०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि त्याच्या विवरणपत्रांच्या कामातून वाणिज्य शाखेच्या पदवीधराला निराळी वाट दिसू लागली. ज्याचे वडील सोयाबीन व कापूस विकतात, त्याला नांदेडमध्ये ओळख नाही असे आपण म्हणतो. पण ते ज्या आडत्याकडे माल घालतात, त्याचे हिशेब तिथल्याच एखाद्या कचेरीत जात असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली अशा पुसट ओळखींचे महत्त्व दाखवून दिले होते. तेव्हा आडत्याला नोकरी न मागता केवळ एवढे विचारावे, की “काका, आपली विवरणपत्रे कोण भरतात, आणि आपले नाव सांगून त्यांना भेटलो तर चालेल का?” हाच प्रश्न कृषी सेवा केंद्रात व औषधांच्या दुकानातही करावा, मिळालेली नावे वहीत उतरवून प्रत्येकापुढे कोणी सुचविले, कधी भेटलो व पुढे कधी यायला सांगितले, हे लिहावे.

भेटीची तिथी हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. मासिक विवरणपत्रांची मुदत ११ आणि २० तारखेला असते, म्हणून त्या सुमारास कचेरीत मान वर करायला कोणाला सवड नसते. वीस तारीख उलटल्यावर जावे. जुलैअखेर पगारदारांची प्राप्तिकराची विवरणे भरावयाची असल्याने जादा माणसाची गरज मे-जूनमध्ये भासते. त्या वेळी प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा, काल्पनिक दुकानाच्या एका महिन्याच्या पावत्या टॅलीत नोंदवून, खरेदीची नोंदवही व पुरवठादारांची विवरणे यांचा ताळमेळ घालून, न जुळलेल्या रकमांची कारणे लिहिलेला एक कागद अधिक बोलतो.

या वाटेला मर्यादाही आहे. आरंभीचा पगार तुटपुंजा असतो आणि नांदेडच्या खोलीचे भाडे त्यातूनच भागवावे लागते. तीन महिन्यांनंतरही केवळ पावत्यांची नोंद हाती राहिली, ताळमेळ किंवा विवरणपत्र कोणी शिकविले नाही, तर तिथे शिक्षण थांबले असे समजून वहीतील दुसरे नाव काढावे. आणि नोकरीपूर्वी जो अनामत रक्कम मागतो, त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नये.