काळ्या पैठणीला स्वतंत्र पान हवे का?

साड्यांच्या ऑनलाइन दुकानात डाव्या बाजूला फिल्टर असतात. समजा, कापडाचे 6 प्रकार, 12 रंग आणि किमतीचे 5 गट आहेत. प्रत्येक फिल्टरमधून एकच पर्याय निवडला किंवा तो रिकामा ठेवला, तरी 546 जोड्या तयार होतात. त्यात ‘नवे आधी’, ‘स्वस्त आधी’ असे क्रम लावण्याचे 4 पर्याय धरले, की हाच आकडा 2184 वर जातो. बहुतेक दुकानांत यातल्या प्रत्येक जोडीला वेगळा वेब-पत्ता मिळतो, पण शीर्षक मात्र सगळीकडे ‘साड्या ऑनलाइन’ असेच राहते. मग गूगलला शेकडो सारखी पाने दिसतात आणि त्यातले नेमके कोणते दाखवायचे, ते त्याचे तोच ठरवतो.

म्हणून स्वतःचे शीर्षक कोणत्या जोडीला द्यायचे, हे दुकानदारानेच ठरवावे. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. लोक याच शब्दांत शोधतात का? दाखवायला पुरेसा माल आहे का? आणि हा माल मूळ पानावरच्या मालापेक्षा खरोखर वेगळा दिसतो का?

‘काळी पैठणी’ घ्या. संक्रांतीला काळे नेसण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे डिसेंबर संपता संपता हा शोध वाढणे स्वाभाविक आहे. दुकानात अशा वीसेक साड्या असतील, तर या जोडीला स्वतंत्र पान शोभते:

```html
<title>काळ्या पैठणी साड्या | दुकानाचे नाव</title>
<link rel="canonical" href="https://example.com/sarees/paithani/black/">
```

दुसरी ओळ या पानाचा मुख्य पत्ता सांगते. हीच यादी ‘स्वस्त आधी’ लावून पाहिली, किंवा आधी रंग आणि मग कापड निवडल्याने पत्ता बदलला, तरी त्या पानांवरही हीच ओळ ठेवायची. गूगल ती सूचना म्हणून घेते, तिला बांधील नसते. त्यामुळे दुकानातल्या आतल्या लिंकही याच पत्त्याकडे वळवाव्यात.

‘काळी पैठणी, 8 ते 10 हजार’ या जोडीत मात्र दोनच साड्या उरतात. गिऱ्हाइकाला हा फिल्टर उपयोगी पडतो, पण शोधात ते पान नको. तिथे `noindex` लावावे. इथे एक चूक हमखास होते: तेच पान `robots.txt` मध्येही बंद केले जाते. मग गूगल पान उघडतच नाही, त्यामुळे `noindex` त्याला दिसत नाही, आणि दुसरीकडून लिंक असेल तर नुसता पत्ता शोधात येऊ शकतो.

निवड बरोबर होती का, हे सर्च कन्सोलमध्ये दिसते. ‘काळी पैठणी’ या शोधाला सर्वसाधारण पैठणीचे पानच समोर येत असेल, तर नव्या पानाकडे पुरेशा लिंक नाहीत किंवा गूगलला त्यात वेगळेपण दिसलेले नाही.

संक्रांत सरली, माल कमी झाला, तरी हे पान काढू नये. पत्ता तोच ठेवावा, उरलेल्या साड्या दाखवाव्यात आणि पुढच्या हंगामाचा माल तिथेच लावावा. दरवर्षी नवा पत्ता केला, तर दरवर्षी ओळखही नव्याने करून द्यावी लागते.