पत्रकात ठरतो निबंधस्पर्धेचा निकाल

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की सूचनाफलकांवर निबंधस्पर्धांची पत्रकं लागू लागतात. विषय, गट, शेवटची तारीख, बक्षिसांची रक्कम आणि तळाशी एक ठरलेली ओळ: ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ निर्णय अंतिम असायलाच हवा. पण तो कसा होणार, हे पत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं, आणि मुलांवर होणारा अन्याय बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो.

तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक वाचनालय अशी स्पर्धा घेणार आहे असं धरू. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनी, बक्षिसं द्यायची आहेत.

पहिला प्रश्न विषयाचा. ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ दिला, तर जे मूल तालुक्याबाहेर कधी गेलंच नाही त्याने काय लिहायचं? ‘मी पंतप्रधान झालो तर’ दिला, तर गाइडमधला एकच निबंध वीस वह्यांतून उतरून येतो. विषय असा हवा की प्रत्येक घरात त्याचा ऐवज असेल आणि तो छापील पुस्तकात सापडणार नाही. उदाहरणार्थ, ‘आमच्या घरी पाणी कुठून येतं?’ नळाचं, टँकरचं, विहिरीचं, हंड्याने आणलेलं, कसंही असलं तरी पाणी प्रत्येक घरात येतं. त्याची माहिती मुलाला आईला, आजीला, नाहीतर पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारूनच मिळवावी लागते. इथे श्रीमंत घरातल्या मुलाला आयता फायदा नाही.

वयोगट करताना इयत्ता धरायची की जन्मतारीख, हे आधी ठरवावं. जागतिक टपाल संघाची पत्रलेखन स्पर्धा १९७१पासून चालू आहे. ती ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तिथे वय धरलं जातं. गावच्या स्पर्धेला इयत्ता सोयीची, कारण शाळा एकेका वर्गाचे निबंध एकत्र गोळा करते. मात्र पाचवी ते दहावी असा एकच गट ठेवू नये. पाचवीच्या मुलाला वाक्य जोडायला नुकतं जमू लागलेलं असतं, तर दहावीचा विद्यार्थी मुद्दा मांडून तो तडीस नेऊ शकतो. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी असे दोन गट करावेत. लहान गटाला अडीचशे शब्द आणि मोठ्या गटाला पाचशे. मोठ्यांसाठी विषयही थोडा वाढवावा: आजीच्या लहानपणी पाणी कुठून यायचं आणि तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं?

मुदतीबद्दल एक शब्द फार महत्त्वाचा आहे. ‘२० जानेवारीपर्यंत’ एवढंच छापलं, तर कुणी ती पोस्टात टाकण्याची तारीख समजतो, कुणी पोहोचण्याची. दूरच्या पाड्यावरच्या शाळेचा लखोटा यायला चार दिवस जास्त लागतात. म्हणून ‘लखोट्यावरचा पोस्टाचा शिक्का २० जानेवारी किंवा त्याआधीचा हवा’ असं स्पष्ट लिहावं. आणि ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ देऊ नये. ज्या मुलाने स्नेहसंमेलनाच्या धावपळीतून वेळ काढून वेळेत लिहिलं, त्याच्यावर तो अन्याय ठरतो.

आता परीक्षण. अमेरिकेत १९१२मध्ये डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी कुणी ६४ गुण दिले, तर कुणी ९८. हे सगळे तपासण्याचं काम रोज करणारे शिक्षक होते. त्यांच्यापैकी कुणी लबाडी केली नव्हती. चांगल्या लेखनाची प्रत्येकाची कल्पना मुळात वेगळी असते.

म्हणून निबंधांचा गठ्ठा अर्धा अर्धा वाटून देणं ही सर्वांत मोठी चूक. एक परीक्षक सढळ आणि दुसरा कडक असला, तर सगळी बक्षिसं सढळ परीक्षकाच्या गठ्ठ्यातच जातात. दोघांनी सगळे निबंध वाचले पाहिजेत, तेही एकमेकांचे गुण न पाहता. पण एवढ्यानेही काम संपत नाही. वीसपैकी गुण आहेत आणि शेवटी तीन निबंध उरले आहेत असं समजा. पहिल्या परीक्षकाने २३ क्रमांकाच्या निबंधाला १७, ४१ला १६ आणि ८ला १५ गुण दिले. दुसऱ्याने २३ला ११, ४१ला १३ आणि ८ला १८. बेरीज केली की ८ क्रमांक ३३ गुणांनी पहिला येतो आणि २३ क्रमांक २८ गुणांनी शेवटचा. निकाल दोघांनी मिळून लावल्यासारखा दिसतो, पण तो एकट्या दुसऱ्याने लावलेला असतो. पहिल्याच्या गुणांत जेमतेम दोनचा फरक आहे, दुसऱ्याच्या गुणांत सातचा. क्रम लावून पाहिलं तर एकाचा पहिला तो दुसऱ्याचा तिसरा, म्हणजे मतभेद पुरता आहे. बेरजेने तो मिटला नाही, लपला.

यावर साधा नियम करता येतो. दोघांच्या गुणांत पाच किंवा अधिक अंतर पडलं, तर तो निबंध तिसऱ्याने वाचावा आणि मग तिघांनी बसून बोलावं. इथे २३ क्रमांकात सहाचं अंतर आहे. बोलल्यावर कळतं ते असं: त्या मुलीने आजीचं बोलणं अहिराणीत जसंच्या तसं लिहिलं आहे. पहिल्या परीक्षकाला निबंधाचा जीव तिथेच दिसला, तर दुसऱ्याने त्या ओळी अशुद्ध धरून गुण कापले. दोघेही प्रामाणिक आहेत. शुद्धलेखनाला किती गुण आणि बोलीचं काय करायचं, हे पत्रकात कुणी ठरवलंच नव्हतं. आशयाला १०, मांडणीला ४, भाषेला ३, शुद्धलेखनाला ३ आणि संवादातल्या बोलीला गुण कापू नयेत, एवढी दोन वाक्यं छापली असती तर वाद उद्भवलाच नसता. आणि मुलीलाही लिहिण्याआधी कळलं असतं की आजीचं बोलणं तसंच ठेवायला हरकत नाही.

नावाऐवजी क्रमांक देण्याची पद्धत चांगलीच आहे. नाव आणि शाळा वेगळ्या कागदावर घ्यावी आणि क्रमांकांची वही परीक्षणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे ठेवावी. मात्र गावातल्या शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याचं अक्षर लगेच ओळखू येतं, त्याला क्रमांक काय रोखणार? परीक्षक शेजारच्या तालुक्यातून आणावेत. वळणदार अक्षरालाही नकळत गुण मिळतात. म्हणून शेवटच्या दहा निबंधांचं, चुका तशाच ठेवून, टंकलेखन करून घ्यावं आणि ते पुन्हा वाचावेत, या वेळी उलट्या क्रमाने. चार कच्च्या निबंधांनंतर आलेला मध्यम निबंधही उजळ वाटतो, म्हणून क्रम बदलायचा.

घरच्यांनी लिहून दिल्याची शंका तक्रारींनी सुटत नाही. त्या दहा मुलांना आपापल्या शाळेत, मुख्याध्यापकांसमोर अर्धा तास बसवावं आणि ‘तुम्ही माहिती कुणाला विचारली, आणि त्यातलं काय निबंधात घेतलं नाही?’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर लिहून घ्यावं. ज्याने स्वतः विचारपूस केली, त्याच्याकडे न वापरलेली माहिती उरलेली असते. हा टप्पाही पत्रकात आधी छापावा, नाहीतर निवडलेल्या मुलांना तो संशय वाटेल.

संयोजकांना एक विनंती आहे. निकाल लागल्यावर फक्त विजेत्यांची नावं फलकावर लावून थांबू नका. प्रत्येक मुलाचे चारही भागांतले गुण आणि त्याच्या निबंधाबद्दल परीक्षकाचं एक वाक्य त्याच्या शाळेला पाठवा. सगळं एका लखोट्यात मावतं.