रात्रीचे जड जेवण आणि झोपेतली नाडी

रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच झोपले, की सकाळी स्मार्टवॉचवर किंवा बोटातल्या स्मार्ट रिंगवर दोन आकडे बहुधा बदललेले दिसतात. झोपेतला नाडीचा वेग नेहमीपेक्षा वाढलेला असतो आणि एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार, कमी झालेला असतो. झोप पुरेशा तासांची झाली असली तरी हे घडते, कारण शरीर झोपलेले असताना हृदयाला पचनासाठी जादा काम करावे लागते.

हृदयाच्या ठोक्यांची सुरुवात त्याच्याच उजव्या कप्प्यातल्या एका छोट्या पेशीसमूहातून होते. मज्जातंतूंचा अंकुश नसेल तर तरुण माणसात हा समूह मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. विश्रांतीच्या वेळी नाडी ६०-७० वर येते ती मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूमुळे. व्हेगस हा परानुकंपी चेतासंस्थेचा प्रमुख मज्जातंतू आहे. श्वास आत घेताना त्याचा अंकुश किंचित सैल होतो आणि ठोके जवळ येतात. श्वास सोडताना तो घट्ट होतो आणि ठोके लांबतात. व्हेगसचा संदेश एका ठोक्याच्या अवधीत लागू पडतो. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेचा परिणाम मात्र काही सेकंदांनी जाणवतो. त्यामुळे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचा बारीक चढउतार जवळजवळ पूर्णपणे व्हेगसचा असतो.

हा चढउतार मोजण्याची प्रचलित रीत म्हणजे आरएमएसएसडी. समजा, शांत झोपेत लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरे १०००, १०५०, ९९० आणि १०४० मिलिसेकंद आहेत. शेजारच्या अंतरांमधला फरक ५०, ६० आणि ५० येतो. या फरकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतले, की उत्तर सुमारे ५४ मिलिसेकंद येते. नाडी ५९ असते. आता जड जेवणानंतरची अंतरे ८८०, ८९५, ८७५ आणि ८९० आहेत असे धरू. नाडी ६८ झाली, पण फरक केवळ १५, २० आणि १५ राहिल्यामुळे आरएमएसएसडी १७ वर उतरला. नाडी नऊ ठोक्यांनी वाढली, तर चढउतार तिसऱ्या हिश्श्यावर आला. प्रत्यक्ष यंत्र रात्रभरातल्या हजारो ठोक्यांवर हेच गणित करते.

जेवणाने हा बदल का होतो, याचे पहिले कारण रक्तप्रवाहात आहे. विश्रांतीत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाव हिस्सा पचनसंस्थेकडे जातो. भरपेट जेवणानंतर लहान आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य धमनीतला प्रवाह दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की रक्तदाब खाली येऊ पाहतो. तो टिकवण्यासाठी हृदय मिनिटाला अधिक रक्त ढकलते, अनुकंपी चेतासंस्था जोर धरते आणि हृदयावरचा व्हेगसचा अंकुश सैल होतो.

दुसरे कारण इन्सुलिनचे. भात, पोळी आणि गोड पदार्थांनी रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन स्रवते आणि ते अनुकंपी चेतासंस्थेला चालना देते. रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असल्याने तेच ताट रात्री साखर अधिक वाढवते आणि ती उतरायलाही वेळ लागतो.

तिसरे कारण उष्णतेचे. अन्न पचवून साठवण्यात जेवणातल्या ऊर्जेपैकी सुमारे १० टक्के खर्च होतात आणि त्यांची उष्णता होते. प्रथिनांच्या बाबतीत हा खर्च २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. मटणाचे जेवण अंगात ऊब आणते ते यामुळेही. झोप लागताना शरीराच्या आतले तापमान उतरायला हवे असते. पचनाची उष्णता ही उतरण लांबवते आणि तापमानाबरोबर नाडीही वर राहते.

इथे एक शंका साहजिक आहे. व्हेगस हाच पचनाचाही मज्जातंतू असेल, तर जेवणानंतर त्याचे काम वाढून नाडी कमी व्हायला नको का? उत्तर असे, की व्हेगसच्या जठराकडे जाणाऱ्या आणि हृदयाकडे जाणाऱ्या शाखा वेगवेगळ्या आहेत आणि मेंदू त्यांना स्वतंत्रपणे चालवतो. जठराची शाखा कामात असतानाच हृदयाची शाखा मंदावू शकते.

वेळेचा प्रश्न जठर रिकामे होण्याशी बांधलेला आहे. खिचडी-ताकासारखे हलके जेवण जठरातून तुलनेने लवकर पुढे सरकते. तेलातुपातली बिर्याणी आणि वर गुलाबजाम असे जेवण चार तास किंवा त्याहून अधिक वेळ घेते, कारण स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की जठराला सावकाश चालण्याचा इशारा मिळतो. हे जेवण संध्याकाळी साडेसातला झाले तर मोठा भार साडेअकराच्या सुमारास ओसरतो. पावणेअकराला जेवून साडेअकराला अंथरुणावर पडले, तर तोच भार पहाटे अडीच-तीनपर्यंत चालतो. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात असते आणि व्हेगसचा जोर तेव्हाच सर्वाधिक असतो. म्हणजे जड जेवण नेमका तोच काळ व्यापते.

आलेखावर याची खूण ओळखता येते. एरवी ज्याची नाडी झोपेनंतर तासा-दोन तासांत ६८ वरून ५८ पर्यंत उतरते, त्याच्या आलेखात ती अडीचपर्यंत ६८-७० वर रेंगाळते, मग उतरू लागते आणि नीचांक पहाटे पाचच्या सुमारास येतो. पूर्वार्ध उंच आणि उत्तरार्ध जवळपास नेहमीसारखा, हा जेवणाचा आकार आहे. मद्यानेही असाच आकार येतो आणि तो बहुधा अधिक ठळक असतो, त्यामुळे पार्टीच्या रात्रीचा दोष एकट्या बिर्याणीला देता येत नाही. ताप किंवा संसर्ग असेल तर नाडी रात्रभर वर राहते, त्वचेचे तापमान आणि श्वासाचा वेगही वाढलेला दिसतो आणि पुढच्या रात्रीही आकडे सुधारत नाहीत. उशिराचा व्यायाम, उकाडा आणि मासिक पाळीआधीचे दिवस हेही नाडी वाढवतात.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. ते प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालच्या रक्ताची लहर टिपते. पट्टा सैल असेल किंवा कूस वारंवार बदलली तर अंतरे चुकतात. ॲपल वॉच एचआरव्हीसाठी वेगळे सूत्र वापरते आणि मोजणी अधूनमधून करते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. हृदयाचा ताल अनियमित असेल तर एचआरव्हीचा आकडा निरर्थक ठरतो, आणि बीटा-ब्लॉकर गोळ्या नाडीची वाढ झाकतात.

आपल्या बाबतीत परिणाम किती, हे तपासायचे तर पदार्थ आणि प्रमाण तेच ठेवून काही रात्री लवकर आणि काही रात्री उशिरा जेवावे, मद्य व उशिराचा व्यायाम टाळावा आणि एका रात्रीऐवजी अनेक रात्रींचे आकडे ताडावेत. निरोगी माणसात एखाद्या रात्रीची अशी वाढ हा आजार नव्हे; ते पचनाचे नेहमीचे काम आहे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. ते जमत नसेल तर रात्रीचे ताट हलके आणि कमी तेलातुपाचे ठेवून मोठे जेवण दुपारी घ्यावे.