‘ते’ म्हणजे कोण? वाक्यक्रमाच्या प्रश्नांमागचा एक दिवस

सकाळी साडेसहा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका या वेळेला भरायला लागलेल्या असतात. आठच्या बॅचला स्पर्धा परीक्षांचं मराठी शिकवायचं असतं, त्याआधी वाक्यक्रमाचा एक नवा प्रश्न मी तयार करते. प्रश्न म्हणजे एक परिच्छेद तोडून, वाक्यं विस्कटून दिलेली असतात आणि ती पुन्हा लावायची असतात. आज लोणार घेतलं आहे:

अ) हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले.
ब) बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झाले आहे.
क) जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी दिसू लागले.
ड) त्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे.
इ) पावसाने खारटपणा उतरल्यावर ते तळाशी बसले आणि रंग नाहीसा झाला.

‘इ’मध्ये आधी ‘क्षारांचे प्रमाण उतरल्यावर’ असं लिहिलं होतं. पण मग ‘ते तळाशी बसले’ मधलं ‘ते’ त्याच वाक्यातल्या ‘क्षारां’ना चिकटतं आणि वाक्याला मागच्या कुणाची गरजच उरत नाही. ‘खारटपणा’ एकवचनी पुल्लिंगी आहे, त्याला ‘ते’ म्हणता येत नाही. त्यामुळे सर्वनामाला आपलं माणूस बाहेर शोधावं लागतं, आणि या प्रश्नाला तेच हवं आहे.

आठ वाजता

फळ्यावर पाच वाक्यं. पहिलं काम म्हणजे आरंभीचं वाक्य शोधणं. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते: हे वाक्य मागचं काही न वाचता, एकटं वाचलं तर कळतं का? ‘अ’ नाही, कुठला रंग ते माहीत नाही. ‘क’ नाही, काय गुलाबी दिसलं? ‘ड’ नाही, कुणाचं पाणी? ‘इ’मध्ये काय तळाशी बसलं? उरलं ‘ब’. त्यात जिल्हा आहे, गाव आहे, वस्तूचं पूर्ण नाव आहे. वाचकाला जे प्रथमच सांगायचं असतं ते असं पुऱ्या ओळखीनिशी येतं आणि पुढच्या वाक्यांत आक्रसत जातं.

‘पण’, ‘म्हणून’, ‘शिवाय’, ‘तरीही’ यांनी सुरू होणारी वाक्यंही बहुधा बाद होतात. बहुधा, कारण ललित लेखनात सर्वनामाने किंवा ‘पण’ने सुरुवात करून नाव मागाहून उघड करण्याची रीत आहे. परीक्षेतले उतारे माहितीपर असतात, म्हणून तिथे कसोटी चालते. कथेचा उतारा दिसला तर ती सैल धरायची.

पावणेनऊ

आता आजचा खरा धडा. मराठीत ‘ते’ दोन ठिकाणी येतं: नपुंसकलिंगी एकवचनात आणि पुल्लिंगी अनेकवचनात. क्रियापदही मदत करत नाही. ‘ते सरोवर दिसू लागले’ आणि ‘ते जीव दिसू लागले’, रूप तेच. म्हणजे ‘क’मधलं ‘ते’ आणि ‘इ’मधलं ‘ते’ दिसायला जुळे, पण मालक वेगळे.

मग ओळखायचं कसं? विभक्ती लागली की फरक उघडा पडतो. एकवचनात ‘त्याचे’, अनेकवचनात ‘त्यांचे’. ‘ड’मध्ये ‘त्याचे पाणी’ आहे, डोक्यावर अनुस्वार नाही, म्हणजे मालक एक, आणि तो सरोवरच. जिथे विभक्ती नाही तिथे संभाव्य नावं एकेक ‘ते’च्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने वाचायचं. ‘सरोवर तळाशी बसले’? शक्य नाही. ‘पाणी तळाशी बसले’? तेही नाही. ‘सूक्ष्मजीव तळाशी बसले’, जुळलं. म्हणजे ‘इ’ ‘अ’च्या मागून. आणि ‘हा रंग’ला रंगाचा उल्लेख अगदी लगतच्या वाक्यात लागतो, म्हणून ‘अ’ ‘क’च्या मागून. क-अ-इ ही साखळी पक्की झाली.

नवख्या बॅचसाठी मी ‘सरोवर’च्या जागी ‘तलाव’ घालते. मग वाक्य ‘तो गुलाबी दिसू लागला’ असं होतं आणि गोंधळाला जागा राहत नाही.

अकरा

एसएससीची इंग्रजीची बॅच. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात शंभर प्रश्न आणि साठ मिनिटं, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. पूर्ण क्रम लावत बसायला वेळ नसतो. चार वाक्यांचे चोवीस क्रम होऊ शकतात, पण पर्याय चारच दिलेले असतात. एक पक्की जोडी सापडली की बहुतेक पर्याय गळतात. इंग्रजीत एक जादा खूण मिळते: नाव प्रथम येताना ‘अ’ किंवा ‘अॅन’ घेऊन येतं, दुसऱ्यांदा ‘द’ घेऊन. मराठीत हे काम ‘हा’, ‘त्या’, ‘अशा’ यांना करावं लागतं.

दुपारी साडेतीन

सकाळच्या बॅचचे कागद तपासते. चुका बऱ्याच एकाच जातीच्या आहेत. मुलं सर्वनामं सोडून घटनांचा काळ पाहतात. ‘जून २०२०’ दिसला की तारीख पकडून त्याभोवती बाकीचं रचतात. काळाचा क्रम उपयोगी आहे, पण ‘पाणी खारट आहे’सारख्या वर्तमानकाळी वाक्याला काळात जागाच नसते. त्याची जागा फक्त ‘त्याचे’ सांगतं.

पाच

साताऱ्याची एक मुलगी कागद घेऊन आली. तिने ब-क-अ-इ-ड लावलं होतं.

“मॅडम, साखळी तर बरोबर आहे ना? मग ‘ड’ शेवटी का नको?”

“शेवटी ठेवून वाच. ‘रंग नाहीसा झाला. त्याचे पाणी खारट आहे.’ कुणाचं पाणी?”

“सरोवराचं.”

“सरोवराचं नाव कधी आलं होतं?”

ती मोजायला लागली. मध्ये रंग, सूक्ष्मजीव, खारटपणा अशी नावं येऊन गेली होती. ‘त्याचे’ आता ‘रंगा’ला जाऊन चिकटत होतं. तिने स्वतःच ‘ड’वर काट मारून तो ‘ब’च्या पुढे नेला. एकवचनी पुल्लिंगी ‘रंग’ मध्ये आला नसता तर तिचं उत्तर खोडून काढणं मलाही अवघड गेलं असतं, हे मी तिला सांगितलं. सर्वनाम जवळच्या जुळणाऱ्या नावाकडे ओढलं जातं, आणि तिथे अर्थ बसला नाही तरच वाचक मागे जातो.

रात्री नऊ

उद्याचा प्रश्न एका सहकाऱ्याला उत्तर न देता पाठवते. दोघांचा क्रम जुळला नाही तर प्रश्न परत येतो. आज कोयनेचा परिच्छेद आहे: ११ डिसेंबर १९६७चा भूकंप, कोयनानगरात पडलेली घरे, धरणाच्या भिंतीला गेलेले तडे. त्यांचा फोन आला. “घरं आधी घ्या नाहीतर तडे आधी घ्या, दोन्ही चालतंय की!”

ते बरोबर आहेत. दोन्ही वाक्यं भूकंपाच्या मागून येतात आणि एकमेकांचं नाव घेत नाहीत. तारखांनीही सुटणार नाही, कारण दोन्ही त्याच दिवसाचं आहे. म्हणून पुढचं वाक्य बदलते: ‘ते बुजवून नंतर भिंत मजबूत करण्यात आली.’ घरे नपुंसकलिंगी अनेकवचनी, त्यांना ‘ती’ लागतं. ‘ते’ फक्त तड्यांनाच लागू पडतं. म्हणजे तडे या वाक्याच्या लगेच आधी हवेत आणि घरं त्यांच्याही आधी. पुन्हा पाठवलं. दहा मिनिटांनी त्यांचा क्रम आला, माझ्या क्रमाशी जुळणारा. प्रश्न छपाईच्या गठ्ठ्यात टाकला.