फराळाचे वेळापत्रक : २०२२ ते २०२५ या चार दिवाळ्यांचा मागोवा

लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. घरगुती फराळ करून विकणाऱ्या उद्योगाच्या वर्षभराच्या जाहिरातीचे सारे गणित या चार तारखांत दडलेले आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने सण दर वर्षी तेवढे अलीकडे सरकतात, आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. गेल्या वर्षीचे कंटेंट कॅलेंडर काढून त्यावर नवे साल लिहिणाऱ्याचे वेळापत्रक त्यामुळे दर वर्षी चुकते. ते किती चुकते आणि कोणत्या बाजूला, हे या चार वर्षांनी चांगले दाखवून दिले.

नमुना म्हणून डोंबिवली किंवा पुण्यातला तीन-चार बायका मिळून चालवतात तसा उद्योग घेता येईल. दिवाळीचा फराळ हे त्याचे मुख्य उत्पन्न. त्याशिवाय गणपतीत उकडीचे मोदक, श्रावणात आणि नवरात्रात उपवासाची भाजणी व राजगिऱ्याचे लाडू, थंडीत डिंकाचे लाडू, संक्रांतीला तिळगूळ, उन्हाळ्यात कुरडया-पापड आणि लग्नसराईत रुखवताचे लाडू-चिवडा. प्रसिद्धीची साधने म्हणजे व्हॉट्सॲपचे स्टेटस व ब्रॉडकास्ट आणि इन्स्टाग्रामवरची छायाचित्रे व रील. या यादीतला एकच सण इंग्रजी तारखेला धरून राहतो, तो म्हणजे १४ किंवा १५ जानेवारीला येणारी संक्रांत. बाकीचे सगळे तिथीबरोबर हलतात. गुढीपाडवासुद्धा २०२३ मध्ये २२ मार्चला होता आणि २०२४ मध्ये थेट ९ एप्रिलला.

२०२३ चे वर्ष या बाबतीत सर्वांत शिकवणारे ठरले. त्या वर्षी श्रावण अधिक आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आणि त्यानंतर निज श्रावण. सणवार निज महिन्यातच पाळले जात असल्याने आदल्या वर्षी ११ ऑगस्टला झालेली नारळी पौर्णिमा या वर्षी ३० ऑगस्टला आली आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली. आदल्या वर्षीच्याच तारखांना फराळाची नोंदणी जाहीर करणाऱ्याची जाहिरात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे गणपती यायच्याही आधी, लोकांसमोर गेली असती. तेव्हा घराघरांत आरास आणि मोदकांचा विचार चाललेला असतो. चकलीचा फोटो त्या गर्दीत वाया जातो आणि तोच पुन्हा पाठवला की शिळा वाटतो.

अधिक मासाबद्दल एक सरसकट समज आहे की या महिन्यात बाजार थंड असतो. लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे साड्या, दागिने आणि रुखवत यांच्यापुरते ते खरेही आहे. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देतात, तेही तेहतिसांच्या हिशेबाने. कापड दुकानाचा मंदीचा महिना तो अनारसे करणाऱ्याचा हंगाम, म्हणून मंद महिने दुसऱ्याच्या कॅलेंडरवरून उचलता येत नाहीत. प्रत्येक व्यवसायाने ते आपल्याच मालावरून ठरवायचे असतात.

अनारशांची जाहिरात केव्हा करायची हे त्यांच्या पिठावरून ठरते. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग फडक्यावर पसरून जरा ओलसर असतानाच दळायचे, चाळून त्यात गूळ मळायचा आणि ते पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचे. म्हणजे तळणीचा घाणा पडायच्या आधी आठ-दहा दिवस हाताशी लागतात. महिना सुरू झाल्यावर पहिली पोस्ट टाकली तर त्यातले दहा दिवस पिठातच जातात. १८ जुलैला सुरू झालेल्या महिन्यासाठी नोंदणीची सूचना जुलैच्या पहिल्या आठवड्यात जायला हवी होती. शिवाय अधिक मास सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो. अनारशाला पडलेली जाळी, वर लावलेली खसखस, वाणाचे ताट यांची छायाचित्रे त्या महिन्यात काढून ठेवली नाहीत, तर पुढच्या खेपेला दाखवायला काही उरत नाही.

दिवाळीच्या फराळाचे गणित मात्र, खुद्द आश्विनच अधिक आला नाही तर, एका ठरलेल्या अंतराने बांधलेले आहे. सर्वपित्री अमावास्या आणि लक्ष्मीपूजन या एरवी लागोपाठच्या दोन अमावास्या, त्यामुळे त्यांच्यात एकच चांद्र महिना असतो. २०२३ मध्ये १४ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये २ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर. परदेशी जाणाऱ्या फराळासाठी याचा अर्थ महत्त्वाचा आहे. २०२५ चे उदाहरण उलट दिशेने मोजून पाहावे. वसुबारस १७ ऑक्टोबरला होती, म्हणून डबा १५ ऑक्टोबरच्या आत मुलाच्या किंवा मुलीच्या घरी पोचायला हवा. सणाच्या गर्दीत कुरिअरला दहा दिवस धरले तर पार्सल ५ ऑक्टोबरला निघाले पाहिजे. तळण, गार करणे, भरणे आणि डबे बंद करणे यांना चार-पाच दिवस. त्याआधी सामान आणणे, भाजण्या दळून घेणे आणि याद्या लावणे यांना आणखी चार-पाच. म्हणजे परदेशी नोंदणी २५ सप्टेंबरला बंद. लोकांना नातेवाइकांना विचारून, पत्ता मिळवून, पैसे भरायला दोन-अडीच आठवडे द्यायचे, तर नोंदणी ८ सप्टेंबरला सुरू व्हायला हवी. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि ८ सप्टेंबर हा पितृपक्षाचा पहिला दिवस होता.

वर्षातला सर्वांत शांत समजला जाणारा पंधरवडा फराळवाल्यांच्या परदेशी नोंदणीचा ऐन काळ असतो, तो असा. या पंधरवड्यात नवी खरेदी टाळणारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. म्हणून या दिवसांतल्या मजकुरात सवलत, धमाका, शुभारंभ असले शब्द नकोत. ‘परदेशी पाठवायच्या फराळाची नोंदणी २५ सप्टेंबरपर्यंत’ एवढी सरळ माहिती, किलोचा भाव आणि पाठवणीचा खर्च वेगळा दाखवलेला, एवढे पुरते. सणाचा रंग, रांगोळी, पणत्या हे सगळे घटस्थापनेनंतर. गावातल्या गिऱ्हाइकांची नोंदणी तेव्हाच सुरू करावी आणि दसऱ्याच्या सुमारास तिला जोर द्यावा.

तारखा दर वर्षी नव्याने शोधत बसण्यापेक्षा तक्त्यातल्या एका चौकोनात लक्ष्मीपूजनाची तारीख लिहावी आणि बाकीच्या तिच्यातून वजा करून घ्याव्यात. तारीख B2 मध्ये असेल तर परदेशी नोंदणीचा आरंभ, तिचा शेवट आणि पार्सल निघण्याचा दिवस असे निघतात :

```
=B2-43
=B2-26
=B2-16
```

पहिले सूत्र चारही वर्षांना लावून पाहिले तर ११ सप्टेंबर २०२२, ३० सप्टेंबर २०२३, १९ सप्टेंबर २०२४ आणि ८ सप्टेंबर २०२५ या तारखा येतात. चारही पितृपक्षाच्या तोंडावरच पडतात. २०२३ ची तारीख २०२४ मध्ये तशीच वापरणाऱ्याला अकरा दिवस उशीर झाला असता, म्हणजे नोंदणीच्या सतरा दिवसांतले सहाच हाती उरले असते. लवकर गेलेली जाहिरात फार तर वाया जाते, उशिरा गेलेल्या जाहिरातीमुळे त्या वर्षाची मागणीच हातची जाते.

वजाबाकीला न जुमानणाऱ्या गोष्टीही घडतात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी काढून घेतली आणि भारतीय टपाल खात्याने तिकडची नोंदणी थांबवली. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. फराळाला त्याचा उपयोग नव्हता. टपालावरच भिस्त ठेवणाऱ्यांना महागडे खासगी कुरिअर धरावे लागले किंवा अमेरिकेचे डबे सोडून द्यावे लागले. वेळापत्रकात नोंदणीच्या आरंभाआधी आठ दिवस ‘पाठवणीचे दर व नियम विचारणे’ अशी ओळ असली, तर निदान भाव जाहीर करून मग शब्द फिरवण्याची वेळ येत नाही.

आता मंद महिन्यांविषयी. या उद्योगाचे खरे मंद काळ दोन : आषाढ, आणि दिवाळी संपल्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस. भाऊबीजेनंतर लोकांना तळलेले नकोसे झालेले असते आणि त्या आठवड्यात उरलेला चिवडा स्वस्तात काढणे सर्वांत वाईट. पूर्ण भाव दिलेल्या गिऱ्हाइकाला तो दिसतो आणि पुढच्या वर्षी ते शेवटपर्यंत थांबते. त्यापेक्षा दोन आठवडे गप्प राहून डिसेंबरात डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू आणावेत. आषाढात मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चटण्या अशा रोजच्या जिनसा चालतात. आठवड्याला एखादी पोस्ट पुष्कळ झाली.

छायाचित्रांची तयारी मात्र मंद महिन्यांवर ढकलता येत नाही. सप्टेंबरात लागणारा चकलीच्या घाण्याचा फोटो आदल्या दिवाळीतच काढावा लागतो, कारण सप्टेंबरच्या आरंभी कढईच चढलेली नसते. सोऱ्यातून पडणारी चकली, करंजीची मुरड, डब्यात थर लावणारे हात हे सारे दिवसाउजेडी, खिडकीजवळ टिपून ठेवावे. फोटोवर साल, तारीख किंवा भाव छापू नये, ते सोबतच्या मजकुरात लिहावे. तारीख छापलेला फोटो पुढच्या वर्षी फुकट जातो. मंद महिन्यांत ही चित्रे निवडायची आणि गिऱ्हाइकांची यादी साफ करायची. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नावे बसतात, आणि उद्योगाचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून डबा देतानाच ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ असे सांगितलेले बरे.

वर्षअखेरीचा हिशेबही तिथीनेच करावा. २०२३ चा ऑक्टोबर आणि २०२४ चा ऑक्टोबर शेजारी मांडले तर दुसऱ्या वर्षी विक्री भरमसाट वाढल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात २०२३ ची निम्मी घाई नोव्हेंबरात होती आणि २०२४ ची जवळजवळ सगळी ऑक्टोबरात. लक्ष्मीपूजनाच्या आधीचा तिसावा, विसावा, दहावा दिवस धरून आकडे मांडले, आणि प्रत्येक मागणीपुढे ती स्टेटसवरून आली, ब्रॉडकास्टवरून की कोणी सांगितले म्हणून, हे लिहिले असेल, तरच कोणती पोस्ट कामाची होती ते कळते.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. रुखवताच्या मागण्या त्याआधीच उरकतील आणि अनारशांची नोंदणी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी लागेल, तीही अशा उन्हात की पिठावर रोज लक्ष ठेवावे लागेल. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. परदेशी फराळाची नोंदणी २६ सप्टेंबरला उघडावी आणि १३ ऑक्टोबरला बंद करावी.