हद्द ड्रॉइंगची, हद्द मशीनची

कारखान्यातल्या सुपरवायझरसाठी गुणवत्ता नियंत्रणाच्या पुस्तिका मराठीत आणायला बसलं की अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्दच जास्त अडवतात. कंट्रोल चार्टला ‘नियंत्रण तक्ता’, प्रोसेस केपेबिलिटीला ‘प्रक्रिया क्षमता’, सॅम्पलिंग प्लॅनला ‘नमुना योजना’ हे प्रतिशब्द चटकन सुचतात आणि भाषेच्या अंगाने त्यांत काही चुकीचं नाही. पण नियंत्रण, मर्यादा, क्षमता, नमुना हे शब्द शॉप फ्लोअरवर आधीपासूनच रोज वापरले जातात आणि तिथे त्यांचे अर्थ पक्के ठरलेले आहेत. नवा अर्थ त्यांच्यात शिरत नाही.

सर्वांत जास्त नुकसान ‘मर्यादा’ या शब्दामुळे होतं, म्हणून तिथे जरा थांबू. समजा, सीएनसी लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट टर्न होतो आहे. ड्रॉइंगवर टॉलरन्स अधिक-उणे ३० मायक्रॉन आहे, म्हणजे एकूण पट्टा ६० मायक्रॉनचा. ऑपरेटर दर तासाला लागोपाठचे पाच पीस मोजतो, त्यांची सरासरी काढतो आणि तक्त्यावर ठिपका देतो. त्या पाचांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान पीस यांच्यातला फरकही तो खालच्या आलेखावर मांडतो.

पंचवीस तासांच्या नोंदींवरून असं दिसलं, की सरासरी व्यास २५ मिलिमीटरपेक्षा १० मायक्रॉनने जास्त येतो आणि पाच पिसांमधला फरक सरासरी २० मायक्रॉन असतो. पाचाच्या गटासाठी ठरलेला गुणक ०.५७७ आहे. त्याने २० ला गुणलं की साधारण साडेअकरा येतात. म्हणून सरासरीच्या ठिपक्यांची वरची रेघ १० अधिक साडेअकरा, म्हणजे साडेएकवीस मायक्रॉनवर आणि खालची उणे दीडवर. या दोन रेघा काढताना ड्रॉइंगचा आकडा कुठेही लागला नाही. त्या मशीनच्या स्वतःच्या वागणुकीतून आल्या. १९२४ साली बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्टने हा तक्ता पहिल्यांदा मांडला, तेव्हापासून त्यातलं मर्म हेच आहे.

आता दुपारच्या पाळीत एक ठिपका २४ वर पडला. वरच्या रेघेच्या बाहेर. क्वालिटीचा माणूस मशीन थांबवायला सांगतो आणि सुपरवायझर म्हणतो, “साहेब, पाचही पीस ड्रॉइंगमध्ये बसतायत. मर्यादा तीसची आहे. मग कशाला थांबवायचं?” पुस्तिकेत ‘नियंत्रण मर्यादा’ आणि ‘विनिर्देश मर्यादा’ असे दोन शब्द छापलेले असतात. पण ‘विनिर्देश’ कुणी वाचत नाही. ‘मर्यादा’ तेवढी लक्षात राहते, आणि शॉप फ्लोअरवर मर्यादा म्हणजे ड्रॉइंगची मर्यादा. काही ठिकाणी तर तक्त्यावर थेट टॉलरन्सच्याच रेघा मारलेल्या दिसतात. मग ठिपका कधी बाहेर जातच नाही आणि तक्ता भिंतीवर नुसता लटकत राहतो.

सुपरवायझरचं म्हणणं कुठे चुकतं, ते हिशोबाने दाखवता येतं. पाच पिसांतल्या सरासरी फरकाला, म्हणजे २० ला, २.३२६ ने भागलं की एकेका पिसाची विखुरण ८.६ मायक्रॉन मिळते. तिची सहापट सुमारे ५२. सरासरी खरोखरच २४ वर सरकली असेल, तर ड्रॉइंगची हद्द तिथून फक्त ६ मायक्रॉनवर उरते. अशा वेळी चार पिसांतला जवळपास एक ३० च्या पलीकडे जातो. मोजलेले पाच चांगले निघाले हा योग. न मोजलेल्यांत रिजेक्शन चालू झालेलं असतं.

म्हणून पुस्तिकेत एकाला ‘ड्रॉइंगची हद्द’ आणि दुसऱ्याला ‘मशीनची हद्द’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. मशीन म्हटलं की त्यात टूल, कच्चा माल, माणूस आणि गेजही आले, एवढं एकदा सांगून टाकावं. कंट्रोल चार्ट हे नाव मात्र तसंच राहू द्यावं. ते सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘नियंत्रण तक्ता’ म्हटलं की तक्त्याने मशीन ताब्यात ठेवायचं असतं असा समज होतो, आणि काही ऑपरेटर प्रत्येक पिसानंतर ऑफसेट बदलत बसतात. पीस ५ मायक्रॉन जास्त आला की ऑफसेट ५ ने कमी. मशीनच्या नेहमीच्या चढउताराला असं उत्तर देत राहिलं, तर विखुरण ८.६ वरून १२ च्या वर जाते. त्यामुळे तक्त्याच्या खाली साध्या मराठीत एवढं लिहिलेलं हवं: ठिपका मशीनच्या हद्दीत असेल तर ऑफसेटला हात लावू नका. बाहेर गेला तर आधी इन्सर्टची धार, नवा बार, कूलंट आणि मायक्रोमीटरचा झीरो तपासा.

‘क्षमता’ शब्दाची अडचण निराळी आहे. मशीनची क्षमता किती, असं विचारलं तर सुपरवायझर शिफ्टला किती पीस निघतात ते सांगेल, आणि त्याच्या परीने ते बरोबरच आहे. ‘प्रक्रिया क्षमता १.१६’ हे वाक्य त्याला काहीच सांगत नाही. तेच असं सांगता येतं: ड्रॉइंगने ६० मायक्रॉनची जागा दिली आहे, आपल्या मशीनला ५१.६ लागते. साठ भागिले ५१.६, झाले १.१६, हाच सीपी. मात्र आपली सरासरी मधोमध नाही, १० ने वर आहे. वरच्या अंगाला २० मायक्रॉनच जागा उरते आणि लागते २५.८, म्हणून त्या बाजूचं गुणोत्तर ०.७८, हा सीपीके. ऑफसेट एकदाच १० ने खाली घेतला की सीपीके १.१६ होईल. पण ग्राहक १.३३ मागत असेल तर ऑफसेटने ते साधणार नाही, मशीनची विखुरणच कमी करावी लागेल आणि तो निर्णय सुपरवायझरच्या वरचा आहे. क्षमतेऐवजी ‘जागेला पुरतं का’ असं विचारलं की हा सगळा हिशोब त्याचा स्वतःचा होतो. अर्थात, ठिपके हद्दीबाहेर जात असताना काढलेल्या सीपीकेवर विश्वास ठेवू नये, हेही तिथेच छापावं.

सॅम्पलिंग प्लॅनमध्ये ‘नमुना’ शब्द दगा देतो. नमुना म्हणजे सेटिंग झाल्यावर मंजुरीला न्यायचा पीस, आणि दाखवायचा तो चांगलाच. त्यामुळे नमुने काढा म्हटलं की हात क्रेटच्या वरच्या थराकडे जातो. पुस्तकातला ‘यादृच्छिक’ हा शब्द तर कुणी दुसऱ्यांदा उच्चारतसुद्धा नाही. त्याऐवजी ‘न निवडता उचला, वरचे, मधले, तळाचे, सगळ्या क्रेटमधले’ असं लिहिलं की काम बरोबर होतं.

आयएस २५०० या भारतीय मानकाच्या नेहमीच्या पातळीवर, स्वीकार्य दोषपातळी एक टक्का धरली, तर १००० पिसांच्या लॉटमधून ८० उचलायचे असतात. त्यांत दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट घ्यायचा, तीन निघाले तर परत. इथे ‘स्वीकृती संख्या २’ असं भाषांतर केलं की ‘दोन खराब चालतात’ असा अर्थ घेतला जातो आणि ते दोन पीस पुन्हा क्रेटमध्ये जाऊन पडतात. खराब सापडलेला पीस बाजूलाच काढायचा असतो. दोनचा आकडा फक्त उरलेल्या लॉटबद्दल निर्णय घेण्यापुरता आहे. त्या निर्णयालाही हद्द आहे. लॉटमध्ये दोन टक्के पीस खराब असले, तरी या योजनेतून तो चारांपैकी तीनहून थोड्या अधिक वेळा पास होतो. सुपरवायझरच्या मराठी तक्त्यात ‘लॉट स्वीकारला’ या रकान्याचं नाव म्हणून ‘लॉट पुढे सोडला, खराब पीस काढले’ असं ठेवावं आणि शेजारी काढलेल्या पिसांची संख्या लिहायला जागा द्यावी.