निरोपाच्या मेसेजला कात्री

मे महिना संपत आला की शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप निरोपाच्या मेसेजनी भरून जातात. आज 58 वर्षे पूर्ण करणाऱ्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनीच 1 जून अशी लावून दिली होती. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून यांचा दिवस 31 मे. तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते आणि सहकारी आपापल्या गावी गेलेले असतात. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम एप्रिलमध्ये उरकलेला असतो किंवा जूनवर ढकललेला असतो. मग हातात उरतो मोबाइल, आणि रात्री जागून लिहिलेला लांबच लांब मजकूर.

व्हॉट्सॲप असा मजकूर मध्येच थांबवतं आणि खाली 'अधिक वाचा' दाखवतं. बरेच जण तिथूनच परत फिरतात, हात जोडल्याची खूण टाकतात आणि पुढच्या मेसेजकडे वळतात. आभाराची वाक्यं मात्र नेमकी त्या खालच्या भागात असतात.

तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी असाच एक मसुदा माझ्याकडे दिला, 'जरा छोटा करून द्या' म्हणून. मजकूर साडेसहाशे शब्दांच्या घरातला होता. त्यांच्या परवानगीने त्याचं काय केलं ते सांगतो. मूळ मेसेजमध्ये नावं आहेत, इथे फक्त हुद्दे ठेवले आहेत.

सुरुवातीचे तीन परिच्छेद नोकरीच्या इतिहासाचे होते. तासिका तत्त्वावर रुजू होणं, पत्र्याच्या चार खोल्या, तुकडी कमी झाल्यावर अतिरिक्त ठरणं, दुसऱ्या शाळेत झालेलं समायोजन, तिथून परत येणं, वरिष्ठ वेतनश्रेणी, मग निवड श्रेणी. हे सगळं सेवापुस्तकात नोंदलेलं आहे. सहकाऱ्यांनी ते वाचून करायचं काय?

तरीही परिच्छेद सरसकट उडवता येत नाहीत. कारण समायोजनाच्या तक्रारीत, अगदी मधोमध, एक वाक्य होतं: परत आल्यानंतरच्या वर्षी रोज एसटीने यावं लागे, आणि गाडी चुकली की इंग्रजीचे सर बाईंचा पहिला तास काही न बोलता घेत. अख्ख्या मसुद्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. तक्रार गाळली, वाक्य ठेवलं. पाल्हाळाच्या पोटात आभार असे दडलेले असतात, म्हणून कात्री लावण्याआधी एक काम करावं लागतं. मसुदा कागदावर छापून घ्यायचा आणि ज्या वाक्यांत सहकाऱ्यांपैकी कुणीतरी काहीतरी केलेलं आहे, तेवढ्याच वाक्यांखाली रेघ ओढायची. बाईंच्या मसुद्यात अशी मोजकीच वाक्यं निघाली. बाकी सर्वत्र 'मी', नाहीतर विशेषणं.

विशेषणांची गोष्ट वेगळी. 'मोलाचे सहकार्य लाभले', 'अनमोल मार्गदर्शन मिळाले', 'आपुलकी व जिव्हाळा अनुभवला' ही वाक्यं कुठल्याही शिक्षकाच्या, किंबहुना पतपेढीतल्या कॅशियरच्याही निरोपात बसतील. ती नुसती काढून टाकली तर आभारही जातात. म्हणून विचारावं लागतं, सहकार्य म्हणजे नेमकं काय? बाईंनी लिहिलं होतं, 'क्लार्कभाऊंचे मोलाचे सहकार्य लाभले.' विचारल्यावर कळलं, की त्यांच्या शस्त्रक्रियेच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल तीनदा त्रुटी लागून परत आलं आणि तिन्ही वेळा क्लार्कभाऊंनी ते नव्याने करून दिलं. चार शब्दांच्या जागी दहा-बारा आले. मजकूर छोटा करताना इथे तो वाढवावा लागला, आणि ते बरोबरच होतं.

मग नावांची यादी. सेवाज्येष्ठतेनुसार लावलेली, शेवटी 'अनवधानाने कुणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व'. नाव राहतंच, आणि ज्याचं राहतं त्याला ते क्षमस्व पुरत नाही. शिवाय यादीत नुसतं नाव वाचून कुणाला काही मिळतही नाही. आम्ही यादी काढली. तिघांना त्यांच्या कामासह ठेवलं, पण ते तिघे एकाच कोपऱ्यातले नसतील हे पाहिलं: एक शिक्षक, एक कार्यालयातले, एक शिपाई. बाकीच्यांना वगळल्यासारखं वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून केलेली एक गोष्ट शोधली. आईच्या आजारपणात बाई महिनाभर रजेवर होत्या, तेव्हा सर्वांनी त्यांचे तास वाटून घेतले होते. मूळ मसुद्यात याचा उल्लेखच नव्हता! संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि शिक्षणाधिकारी यांचे आभार मात्र वेगळ्या पत्रात पाठवले. सहकाऱ्यांच्या मेसेजमध्ये ते आले की मेसेजला एकदम स्वागताध्यक्षाच्या भाषणाची चाल येते.

नव्या शिक्षकांना उपदेश आणि शेवटची कविता या दोन्हींवर बाईंनी फारशी हुज्जत घातली नाही. क्षमायाचनेवर घातली. 'कळत-नकळत कुणाला दुखावले असल्यास' हे वाक्य आपल्याकडे निरोपात लागतंच, ते काढा असं मीही म्हणणार नाही. फक्त ते खरं व्हावं म्हणून विचारलं, दुखावलं असेल ते कशावरून? बाई हसल्या आणि सहीच्या रजिस्टरबद्दल सांगितलं.

मध्ये एकदा वैतागून त्यांनी दोन ओळींचा मेसेज पाठवला होता: 'आज निवृत्त होत आहे. सर्वांचे आभार.' हा दुसऱ्या टोकाचा घोटाळा. कात्री जास्त चालली की निरोपाची नोटीस होते. शेवटी ठरलेला मजकूर असा:

'नमस्कार. 31 मे रोजी मी सेवानिवृत्त होत आहे. जाण्यापूर्वी काही गोष्टी सांगायच्या राहू नयेत. माझी एसटी चुकली की इंग्रजीचे सर माझा पहिला तास घेत आणि नंतर त्याचा उल्लेखही करत नसत. माझ्या शस्त्रक्रियेचं बिल तीनदा परत आलं. क्लार्कभाऊंनी तिन्ही वेळा ते नव्याने करून दिलं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी शिपाईमामा सकाळी सातला प्रयोगशाळा उघडून पाणी भरून ठेवत. आणि आई आजारी असताना तुम्ही सगळ्यांनी महिनाभर माझे तास वाटून घेतलेत. मी परत आले तेव्हा नववीचा एकही धडा मागे नव्हता. हे मी विसरलेले नाही. प्रयोगशाळेतली वस्तू नेताना रजिस्टरवर सही केल्याशिवाय मी कुणाला सोडलं नाही. त्यात कुणी दुखावलं असेल तर माफ करा. तुम्हा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. माझा नंबर हाच राहील.'

मोठ्याने वाचायला मिनिटभर पुरतं. पत्र्याच्या खोल्या राहू द्या, असं बाईंचं म्हणणं होतं. पण ग्रुपमधल्या निम्म्या शिक्षकांनी त्या खोल्या पाहिलेल्याच नाहीत, आणि ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवण करून द्यायची गरज नाही.

तुम्ही असा मेसेज लिहायला बसणार असाल तर कापलेला मजकूर पुसून टाकू नका. खोल्यांची आणि समायोजनाची हकिकत निरोप समारंभाच्या भाषणात सांगा किंवा शाळेच्या वार्षिक अंकाला द्या. तिथे ती लोक आवडीने ऐकतात, वाचतात. किल्ल्या, रजिस्टरं आणि शिल्लक साहित्याची यादी मात्र निरोपात अजिबात घालू नका. ती मुख्याध्यापकांना वेगळ्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी द्या.